सात पाण्याचं मीठ

कान्हूभाऊ दारात उभे होते आणि काही केल्या आत येत नव्हते. चपला बाहेर काढलेल्या, दोन्ही हातांत एकेक पुरचुंडी. एक प्लॅस्टिकची, एक जुन्या फडक्याची.

"या की आत," मी म्हणाले. "लॅब आहे ही, देऊळ नाही."

"पाय धुळीचे हायेत, ताई."

"इथं मातीच तपासतात, भाऊ. या."

मी उगाच मोठ्यानं बोलत होते. घाबरले की मला तसं होतं. शनिवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते, आणि या माणसाला रविवारी सकाळी खोली रिकामी करायची होती. तेही माझ्या एका कागदामुळे, हे मला ठाऊक होतं.

माझी लॅब इंदुरी फाट्याजवळ, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माती, पाणी, पानं तपासते. आसपासच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसना कोणतं खत किती द्यायचं त्याचे तक्ते करून देते. राजेंद्रभाऊंची पाच पॉलिहाऊस शिरगावच्या अलीकडे आहेत. खताच्या टाक्या कालवायचं काम बारा वर्षं कान्हूभाऊंकडे. ते वलवणच्या वरच्या वाडीतले ठाकर. नवराबायको पॉलिहाऊसच्या कडेच्या खोलीत राहतात. संगीतावहिनी फुलं काढतात, हे खत कालवतात. खोली गेली की दोघांनी परत वाडीवर जायचं आणि रोज उठून मजुरी शोधायची.

झालं असं होतं. जानेवारीच्या सुरुवातीला दोन पॉलिहाऊसमधल्या गुलाबांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, कळ्या आखूड राहिल्या. चौदा फेब्रुवारीची तोडणी तोंडावर आलेली. राजेंद्रभाऊ खताच्या टाकीतलं पाणी घेऊन माझ्याकडे धावत आले. मी तपासलं आणि कागदावर लिहून दिलं: मॅग्नेशियम ठरलेल्याच्या पावणेदोन पट.

"म्हंजे कान्हूनं डबल टाकलं," राजेंद्रभाऊ म्हणाले. "एक दिवस चुकवला आसंल आन दुसऱ्या दिवशी दोन्ही दिसांचं वतलं आसंल. व्हय का न्हाई?"

आणि मी म्हणाले, "असू शकतं."

दोन शब्द. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच संध्याकाळी त्यांनी कान्हूभाऊंना काम सोडायला सांगितलं.

आता कान्हूभाऊ स्टुलाच्या अगदी कडेवर बसले होते. त्यांनी दोन्ही पुरचुंड्या टेबलावर ठेवल्या, आणि प्लॅस्टिकची आपल्या अंगाकडे ओढून घेतली.

"ताई, ही फडक्यातली आत्ताची पावडर. डिसेंबरात नव्या दुकानातनं आनली ती. आन ही..." ते थांबले. "ही जुनी. बायकूच्या पायाला सूज येती म्हनून मी मूठ दोन मूठ ठिवली व्हती. पाय बुडवाया. शेठला सांगू नका. चोरी न्हाई ती, गोनीच्या तळाला ऱ्हायल्याली."

"नाही सांगणार. पण काय दाखवायचंय?"

"दोन भांडी पानी द्या."

मी दोन काचेच्या पात्रांत सारखं पाणी ओतलं. त्यांनी पहिल्यात जुनी पावडर मूठभर घातली, काचेच्या कांडीनं ढवळली आणि पात्र माझ्यापुढे सरकवलं. मी बाहेरून हात लावला. गार लागलं. मग दुसऱ्यात नवी पावडर. ती हट्टी होती, सावकाश विरघळत होती. पण ढवळता ढवळता काच कोमट झाली, मग चांगलीच गरम.

"जुनी गार करती, नवी गरम करती," कान्हूभाऊ म्हणाले. "एकच नाव हाय तर आसं कसं? मी तुमाला सांगितलं व्हतं, ताई. तुमी आला व्हता तवा."

सांगितलं होतं. डिसेंबरच्या शेवटी मी नमुने घ्यायला गेले होते तेव्हा बादली ढवळता ढवळता ते म्हणाले होते, "पानी गरम व्हतंय, ताई." आणि मी हसून म्हणाले होते, "पॉलिहाऊसमध्ये बादली ठेवली की गरम होणारच, भाऊ. ऊन आहे ते." मला घाई होती. मला नेहमीच घाई असते.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई मी, आणि बादलीत हात घालणाऱ्या माणसानं जे सांगितलं त्याला ऊन म्हणून मोकळी झाले.

मॅग्नेशियम सल्फेट हे रसायनाच्या भाषेत एक मीठच, पण ते एकाच रूपात मिळत नाही. एरवी शेतीत येतं ते खड्यांचं. त्याच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे सात रेणू आतच बांधलेले असतात. हाताला कोरडं लागतं, पण निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. तेच मीठ तापवून वाळवून विकलं तर त्यात एखादाच रेणू उरतो. पोट भरलेलं मीठ पाण्यात पडलं की पाणी जरा गार होतं. तहानलेलं पडलं की पाणी तापतं. आणि तहानलेल्या मिठाच्या दहा किलोंत पाणी कमी, म्हणजे मॅग्नेशियम जास्त.

"गोणीवर काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. पांढरी गोनी. वर मार्करनं मॅग्नेशियम."

"आणि तुम्ही किती टाकलं?"

"तक्त्यात लिवलंय तेवढं. धा किलो. काट्यावर."

तक्ता माझा होता. माझ्या हाताचा, लॅमिनेट केलेला, टाकीच्या वर खिळ्याला टांगलेला. त्यात मी लिहिलं होतं: मॅग्नेशियम सल्फेट, दहा किलो. कोणतं, किती पाण्याचं, काही नाही. आमच्या भागात सगळे नुसतं मॅग्नेशियमच म्हणतात, सगळे सात पाण्याचंच आणतात, म्हणून मीही लिहिलं नव्हतं.

नुसतं पाणी गरम झालं म्हणून राजेंद्रभाऊ मानणार नव्हते. उद्या म्हणाले असते, कान्हूनं चुना मिसळला. आकडा हवा होता. मिठात पाण्याचे रेणू किती, हा एकच आकडा. सात आला तर कान्हूभाऊंनी जास्त ओतलं. एकाच्या जवळ आला तर माल वेगळा, आणि वेगळ्या मालाला दार उघडं ठेवणारा तक्ता माझा.

खरं सांगते, पहिल्या क्षणाला मला सात यावं असं वाटलं. फार वेळ नाही वाटलं, पण वाटलं. काच अजून गरम होती तरीही.

"किती येळ लागंल?" कान्हूभाऊंनी विचारलं.

"दुपार जाईल. तुम्ही जाऊन या."

"कुटं जाऊ? हितंच बसतो."

मग ते बसले आणि मी येरझाऱ्या घालू लागले.

आधी दोन रिकाम्या मुशी भट्टीत तापवून थंड केल्या. मूस म्हणजे चिनीमातीची बोटभर वाटी. नव्या पावडरच्या मुशीचं वजन चोवीस पूर्णांक सहाशे बारा सहस्रांश ग्रॅम. त्यात पावडर घातली: सव्वीस पूर्णांक सातशे पन्नास. म्हणजे पावडर दोन ग्रॅमच्या जराशी वर. दुसऱ्या मुशीत जुनी. दोन्ही भट्टीत ठेवल्या, चारशे अंशांवर.

आमच्याकडे मातीतला ओलावा एकशे पाच अंशांच्या ओव्हनमध्ये काढतात, आणि हात सवयीनं त्या ओव्हनकडेच गेला होता. पण तिथं या मिठाचं शेवटचं पाणी सुटत नाही, ते चिकट पाहुण्यासारखं बसून राहतं. त्याला भट्टीच दाखवावी लागते. भट्टी मात्र हळूहळूच तापवली, नाहीतर खडे उडतात आणि मुशीबाहेर सांडलेलं मीठही पाणी गेल्याच्या खात्यात जमा होतं.

बारा वाजता राजेंद्रभाऊंचा फोन.

"मॅडम, तो कान्हू तुमच्याकडं आलाय म्हनं?"

"आलाय."

"त्याचं काय ऐकू नका. लय गोड बोलतो. मी दुसरा मानूस ठरिवलाय, उद्या येतोय तो खोलीत."

"संध्याकाळपर्यंत थांबा, राजेंद्रभाऊ. पावडर तपासतेय."

"पावडर तीच हाय. दुकानदाराला इचारलं मी. म्हनला, मॅग्नेशियम सल्फेट एकच."

"सहा वाजता या. मग बोलू."

फोन ठेवला आणि पाहिलं तर कान्हूभाऊ खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

मला बसवेना. मी भट्टीचं दार किलकिलं करून पाहिलं, परत लावलं. खाली जाऊन चहा सांगितला, तो यायच्या आत वर आले. तासाभरानं चिमट्यानं मूस काढली आणि थंड होऊ न देता तशीच तराजूवर ठेवली. गाढवपणा. गरम मुशीभोवतीची हवा वर चढते, मूस आहे त्याहून हलकी दिसते आणि आकडा जागेवर थांबत नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात हे. आकडे माझ्यासारखेच सैरभैर पळत होते.

"थंड व्हऊ द्या की," कान्हूभाऊ मागून म्हणाले. त्यांनी चिनीमातीची मूस जन्मात पाहिली नव्हती.

मूस डेसिकेटरमध्ये ठेवली. हे जाड काचेचं झाकणाचं भांडं; तळाशी ओल शोषणारे खडे असतात. ते नसेल तर तापवून कोरडं केलेलं मीठ थंड होता होता हवेतलं पाणी परत पिऊन टाकतं. अर्धा तास. कान्हूभाऊंनी डबा काढला, भाकरी आणि लसणाची चटणी. अर्धी माझ्यापुढे केली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

"बारा वर्सांत एकदा बी चुकलो न्हाई, ताई," ते म्हणाले. "आन चुकलो आसतो तर सांगितलं आसतं. वाडीवर जायाची लाज न्हाई मला. पन चुकला म्हनून जायाची हाय."

मी घड्याळ पाहिलं आणि डेसिकेटरचं झाकण काढलं.

पहिलं वजन: सव्वीस पूर्णांक चारशे एकाहत्तर. परत भट्टी, परत अर्धा तास थंड. दुसरं: चारशे त्रेचाळीस. अजून थोडं सुटत होतं. परत भट्टी. साडेचार वाजून गेले. तिसरं: चारशे बेचाळीस. आता थांबलं. जेवढं पाणी जायचं तेवढं गेलं.

गेलं किती? तीनशे आठ मिलिग्रॅम. उरलेलं कोरडं मीठ एक ग्रॅम आठशे तीस मिलिग्रॅम. गेलेल्या पाण्याला अठरानं भागलं, उरलेल्या मिठाला एकशे वीस पूर्णांक सदतीसनं, आणि पहिल्याला दुसऱ्यानं.

एक पूर्णांक तेरा.

जुन्या पावडरचं केलं. सहा पूर्णांक सत्त्याण्णव. म्हणजे सात. पद्धत चुकलेली नव्हती, भट्टी चुकलेली नव्हती. नव्या गोणीत एकाच पाण्याचं मीठ होतं, वर हवेतली चिमूटभर ओल.

आणि तेव्हा मला ती गोष्ट दिसली, जी पहिल्या दिवशी दिसायला हवी होती. मी कागद ओढला. सात पाण्याच्या मिठाचा रेणुभार दोनशे साडेसेहेचाळीस. या नव्याचा एकशे चाळीस आणि वर थोडं. भागाकार केला: एक पूर्णांक पंचाहत्तर.

पावणेदोन. माझ्याच अहवालातला आकडा.

दोन दिवसांचं एकदम ओतलं असतं तर दुप्पट आलं असतं. आणि सातच पाण्याचं मीठ ओतून पावणेदोन पट आणायचं, तर साडेसतरा किलो काट्यावर धरायला हवं होतं. असं कोण करतं? पावणेदोन येण्याचा सरळ अर्थ एकच: कान्हूभाऊंनी तहानलेलं मीठ बरोबर दहा किलो टाकलं होतं. मूठभर कमी नाही, मूठभर जास्त नाही. ज्या आकड्यानं त्यांना घालवलं, तोच आकडा त्यांच्या बाजूनं ओरडत होता आणि मी तो वाचला नव्हता.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बरोबर दहा किलोच टाकलं होतं."

"ते मला म्हाईत हाय, ताई," ते म्हणाले. "भट्टीत काय आलं?"

मला रडू आलं. तोंड फिरवून मी बेसिनवर हात धुतले, दोनदा.

राजेंद्रभाऊ सहाला दहा मिनिटं कमी असतानाच आले. माणूस वाईट नाही, पण गुलाबाची पानं करपायला लागल्यापासून त्यांची झोप उडालेली. मी त्यांना दोन पात्रं दिली, दोन्ही पावडरी घालायला लावल्या, ढवळायला लावल्या. मग कागद दाखवला. ते हिशोबात पक्के आहेत, पावणेदोनला पावणेदोन जुळलेलं त्यांना लगेच कळलं. बराच वेळ ते गरम पात्राला हात लावून बसले.

"ही जुनी पावडर कुटनं आली?" त्यांनी विचारलं.

कान्हूभाऊंची मान खाली गेली.

"जुन्या मालाचा नमुना आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे होता."

सकाळपासून तो माझ्या टेबलावरच होता, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

"म्हंजे दुकानदारानं फसिवलं," राजेंद्रभाऊ म्हणाले. आवाजात सुटका होती. "लिवा तसं, मॅडम. माल बदलून दिला म्हनून लिवा. मी बघतो त्याच्याकडं."

वाट किती सोपी होती. तिघांनाही सोयीची. कान्हूभाऊ सुटले असते, राजेंद्रभाऊंचा शब्द राहिला असता, माझा तक्ता खिळ्याला तसाच टांगलेला राहिला असता. चोर सोडून संन्याशाला सुळी मी एकदा दिलीच होती. आता दुसरा संन्यासी समोर आणून दिला जात होता.

"दुकानदारानं मॅग्नेशियम सल्फेटच दिलं," मी म्हणाले. "ते खोटं नाही. कोणतं हवं ते तक्त्यात लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. आणि पाणी गरम होतंय हे कान्हूभाऊंनी मला डिसेंबरातच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

राजेंद्रभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग कान्हूभाऊंकडे.

"तवा सांगितलं व्हतं?"

"व्हय," कान्हूभाऊ म्हणाले. "ताई म्हनल्या ऊन हाय."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"ताईंनी सांगितल्यावर तुमाला काय सांगायचं, शेठ? त्या शिकल्याल्या."

टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर खाली घरघरत होता. राजेंद्रभाऊ उठले.

"माझी दोन हाऊस गेली, मॅडम."

"गेली नाहीत. आज रात्री नुसतं पाणी सोडा, भरपूर. नवी पानं चांगली येतील. पण या तोडणीला फुलं कमी निघतील, ते खरं आहे."

"पुढच्या म्हैन्यापासनं मी दुसऱ्या लॅबकडं बघनार हाय. राग धरू नका."

"नाही धरत."

धरला. त्यांच्यावर नाही. माझ्याकडे मोठी पॉलिहाऊसवाली गिऱ्हाइकं दोनच होती आणि त्यातलं एक माझ्याच हातानं मी घालवलं होतं.

दाराशी जाऊन ते कान्हूभाऊंना म्हणाले, "चल. बस गाडीत."

"खोली?"

"ऱ्हा की खोलीत. कोन काय म्हनतंय."

माफी नाही, काही नाही. कान्हूभाऊंनी फडक्याची पुरचुंडी बांधली, प्लॅस्टिकची मात्र टेबलावरच ठेवून गेले. ती मी मागाहून ड्रॉवरमध्ये ठेवली, संगीतावहिनींना परत द्यायला.

रविवारी सकाळी मी नवा तक्ता घेऊन गेले. बोलावलं नव्हतं कुणी. जुना खिळ्यावरून काढला, नवा लावला. मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचं, खड्यांचं, दहा किलो. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ. राजेंद्रभाऊंनी जुन्या दुकानातून खड्यांची गोणी आणली होती, आणि कान्हूभाऊ बादलीत पहिले दोन किलो कालवत होते. संगीतावहिनी फुलांची टोपली घेऊन दारात थांबल्या.

"खाली काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. "वाचा की."

मी वाचलं. "विरघळताना पाणी गार व्हायला हवं. गरम झालं तर थांबा आणि आधी कान्हूभाऊंना विचारा."

वहिनी हसल्या. कान्हूभाऊ हसले नाहीत. ढवळायचं थांबवून ते तक्त्याकडे बघत राहिले.

"मी बी तवा तुमालाच इचारलं व्हतं, ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग त्यांनी बादली पायानं माझ्याकडे सरकवली.

"घाला हात."

मी बांगडी वर सारली आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला. पाणी गार होतं. त्यांनी पुरे म्हणेपर्यंत मी हात काढला नाही.